रेंडर हातात पडला की आधी हे विचारा

गंगापूर रोडच्या एका फ्लॅटच्या हॉलचा रेंडर, म्हणजे डिझायनरने कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, आला. टीव्हीची भिंत जमिनीपासून छतापर्यंत एकसंध अक्रोडी लॅमिनेटची, कुठेही सांधा नाही. भिंत साडेनऊ फूट आणि लॅमिनेटची शीट आठ बाय चार. म्हणजे सांधा येणारच, चित्रात दिसो न दिसो. मी शीट कापायच्या आधी डिझायनर मॅडमना व्हॉट्सॲप केलं:

"मॅडम, भिंतीची एकसंधता पक्की आहे की फक्त लूकसाठी? पक्की नसेल तर आठ फुटांवर आडवा ग्रूव्ह देऊ का, की वरचा दीड फूट पेंट करू? लॅमिनेटचा कोड नंबर द्या, स्क्रीनवरच्या रंगावरून शीट आणणार नाही. कोव्ह लाइट पिवळसर दिसतोय, तो 3000 केल्विनचाच हवा का? पॉइंटची जागा आजच लागेल, उद्या सीलिंग बंद होतंय. पडदा, कुंडी, सोफा नुसते मूडसाठी धरतोय, चूक असेल तर सांगा."

उत्तर आलं: ग्रूव्ह चालेल, पण टीव्ही युनिटच्या वरच्या कडेच्या रेषेत. ती कड होती सात फुटांवर, म्हणजे खालचा तुकडा सात फुटांचा आणि वरचा अडीचचा. न विचारता आठवर जोडलं असतं तर ग्रूव्ह एक फूट वर गेला असता आणि शीट वाया.

फोनवर विचारू नका. लेखी उत्तर घ्या आणि रेंडरच्या प्रिंटवर पक्क्या गोष्टींना लाल पेनाने गोल करून साइटवर चिकटवा. आमचे सुतार तेच बघतात.