विक्री भरपूर, तरी हातात काही उरत नव्हतं

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा आयटमच आम्हाला बुडवत होता, हे कळायला मला जरा उशीरच झाला. आकडे सोपे करून सांगतो. एका नगाची खरेदी 40 रुपये, त्यात 20 टक्के वेस्टेज धरून 48, भाडं-पगाराचे सगळ्या मालावर नगाला सारखेच 5, झाले 53, त्यावर 20 टक्के मार्जिन लावून 64 ला विकायचो.

मग तीन महिन्यांची खरेदीची बिलं, विक्रीची वही आणि फेकलेल्या मालाची नोंद (ही अर्धवटच होती, पण खरेदीतून विक्री आणि शिल्लक वजा केली की निघते) घेऊन बसलो. 100 नग आणले की 80 च विकले जायचे, म्हणजे विकलेल्या नगाची खरेदी 40 भागिले 0.8, 50 पडते, 48 नाही. भाडं मग रॅकच्या जागेप्रमाणे वाटलं आणि पगार हाताळायला लागणाऱ्या वेळेप्रमाणे, तर ह्या आयटमला रोज निवडा, मांडा असली कामं फार, वाटा आला 14. एकूण 64! म्हणजे फुकटच विकत होतो की.

मार्जिन विक्रीच्या किमतीवर 20 टक्के हवं, म्हणून 64 भागिले 0.8, 80. एकदम 80 केलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं आणि विक्री घटली की तोच 14 चा वाटा वाढतो, म्हणून आधी माल कमी मागवून वेस्टेज 10 टक्क्यांवर आणलं, मग 73 ला विकूनही तेवढंच मार्जिन सुटलं.