‘संदर्भ नीट लावून द्या’ एवढाच निरोप आला तर

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की असे निरोप येऊ लागतात : ‘दुसरं प्रकरण पाठवलंय, तेवढे संदर्भ फॉरमॅट करून द्या, परवापर्यंत हवंय.’ सोबत एकच वर्डची फाइल असते. शेवटी संदर्भसूची नसते, कोणती पद्धत हवी ते कुठेच लिहिलेलं नसतं आणि मजकुरात ‘(फुले, पृ. १४५)’ अशा कंसांपलीकडे पुस्तकांचा पत्ता नसतो. हे काम मुद्रितशोधकाकडे येतं, डीटीपीवाल्याकडे येतं, ग्रंथालयातल्या माणसाकडे येतं आणि घरातल्या ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ भाचीकडेही येतं.

यात स्वल्पविराम आणि कंस लावण्याचं काम सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं असतं. खरं काम आहे ते कोणतं पुस्तक, कोणती आवृत्ती, कोणतं पान हे शोधण्याचं. ते झालं नसताना नोंद सजवली, तर ती दिसते चोख आणि असते चुकीची. अशी चूक परीक्षकाच्या नजरेतून सुटते आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी प्रबंधात जशीच्या तशी उतरते.

आधी फाइल वाचा

पाठवणाऱ्याला फोन करण्याआधी प्रकरण एकदा वाचून काढा. कोणती पद्धत हवी हे त्याला सांगता येत नसलं, तरी त्याच्या हातून ती अर्धवट उतरलेली असते. कंसात नाव आणि साल असेल, तर तो एपीएच्या किंवा तशाच एखाद्या लेखक-वर्ष पद्धतीच्या वाटेवर आहे. कंसात नाव आणि नुसतं पान असेल, साल नसेल, तर बहुतेक एमएलए. वाक्याच्या शेवटी वर चढवलेले बारीक आकडे असतील आणि पानाखाली टिपा असतील, तर शिकागोची टीप-पद्धत किंवा आपल्याकडच्या जुन्या मराठी प्रबंधांतली तळटीप. आकडे आहेत पण तळटिपा नाहीत आणि विषय वैद्यकाचा आहे, तर व्हॅन्कूव्हर.

एकाच प्रकरणात तीन पद्धती सापडल्या तर नवल नाही. याचा अर्थ मजकूर बहुधा तीन ठिकाणांहून उतरवला गेला आहे. आरोपाचा सूर न लावता पाठवणाऱ्याला तसं विचारा, कारण ज्या लेखातून परिच्छेद उचलला असेल त्याच्याच सूचीत हरवलेले तपशील बसलेले असतात.

मग एकच निरोप पाठवा, पण नेमका

‘सगळे तपशील पाठवा’ असं लिहिलंत तर काहीच येणार नाही. मी साधारण असं लिहितो :

‘फाइल मिळाली. तीन गोष्टी कळवा. १) विद्यापीठाने किंवा मार्गदर्शकांनी कोणती पद्धत सांगितली आहे? माहीत नसेल तर त्याच विभागातल्या, अलीकडे मान्य झालेल्या प्रबंधाच्या सूचीचं एक पान फोटो काढून पाठवा. २) जी पुस्तकं हाताशी आहेत त्यांचं मुखपृष्ठ नको, आतलं नावाचं पान आणि त्याच्या मागची बाजू, असे दोन फोटो पाठवा. ३) जी पुस्तकं प्रत्यक्ष पाहिली नाहीत, दुसऱ्याच्या लेखातून घेतली आहेत, त्यांच्यापुढे फुली मारा.’

तिसऱ्या प्रश्नाला लोक बिचकतात, पण तो टाळू नका. न पाहिलेल्या पुस्तकाची नोंद वेगळी होते : मजकुरात मूळ लेखकाचं नाव देऊन ‘उद्धृत’ असं म्हणायचं आणि सूचीत मात्र जो लेख खरोखर वाचला तोच घ्यायचा.

पद्धतीबरोबर तिची आवृत्तीही विचारा. एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून प्रकाशनाचं गाव लिहीत नाहीत. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीत गाव लागतं, २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत पुस्तकांना त्याची गरज राहिलेली नाही. ‘पुणे :’ लिहायचं की नाही हा वाद कधीकधी एवढ्यावरच मिटतो. आणि काहीच उत्तर आलं नाही, तर मार्गदर्शकांना विचारून एक पद्धत ठरवा आणि ती कोणती, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सूची मजकुरातून बाहेर काढा

उत्तर येईपर्यंत हे करता येतं. वर्डमध्ये शोधाच्या चौकटीत ‘Use wildcards’ वर खूण करा आणि हे टाका :

```
\(*\)
```

एकामागून एक सगळे कंस सापडत जातात. संदर्भाचा प्रत्येक कंस एका कोऱ्या तक्त्यात उतरवा : मजकुरातलं वाक्य, कंसातला मजकूर, पुस्तक, आवृत्ती, पान, तपासलं की नाही. मग एकदा डोळ्यांनी वाचत जा, कारण ‘यांच्या मते’, ‘म्हणतात’, ‘असे नमूद केले आहे’ अशा वाक्यांना पुष्कळदा कंसच नसतो. तीही वाक्यं तक्त्यात घ्या. संदर्भ न दिलेलं वाक्य हीच मोठी अडचण असते, फॉरमॅट त्यानंतरचा.

एक नोंद शेवटपर्यंत नेऊन पाहू

फाइलमध्ये ‘…असे फुले सांगतात (फुले, पृ. १४५)’ आहे असं समजा. जोतीराव फुल्यांचं लिखाण आज बहुतेक लोक ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथातून वाचतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ मध्ये काढला आणि पुढे य. दि. फडके यांनी संपादित केलेली सुधारित आवृत्ती १९९१ मध्ये आली. आवृत्ती बदलली की पानंही बदलतात. त्यात हा ग्रंथ म्हणजे एक पुस्तक नाही : ‘गुलामगिरी’, ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ अशी बरीच लिखाणं त्यात आहेत. म्हणजे ‘पृ. १४५’ या आकड्याला आवृत्ती कळल्याशिवाय काहीच अर्थ नाही.

इथे पानाच्या मागे लागू नका, अवतरणाच्या मागे लागा. अवतरणातले चार-पाच वेगळे, सहसा न येणारे शब्द घ्या आणि ग्रंथाची जी प्रत मिळेल तिच्यात ते वाक्य शोधा. ते कोणत्या लिखाणात आहे हे कळलं की अर्धं काम झालं. मग त्या प्रतीतलं पान आणि फाइलमधलं पान जुळतं का ते पाहा. जुळलं तर पाठवणाऱ्याने बहुधा हीच आवृत्ती वापरली आहे. नाही जुळलं, तर दोन वाटा : त्याची आवृत्ती शोधून काढा किंवा तुमच्या समोरच्या आवृत्तीचं पान लावा आणि सगळ्या प्रकरणातल्या फुल्यांच्या नोंदी त्याच आवृत्तीवर आणा. काही नोंदी एका आवृत्तीच्या आणि काही दुसरीच्या, असं ठेवू नका.

वाक्य ‘गुलामगिरी’तलं निघालं आणि प्रत १९९१ ची आहे असं धरू. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. मग एपीएमध्ये मजकुरात (फुले, १८७३/१९९१, पृ. १४५) असं होईल आणि सूचीत असं :

फुले, जो. (१९९१). गुलामगिरी. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय (पृ. …) मध्ये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३)

जिथे ठिपके आहेत तिथे ‘गुलामगिरी’ ग्रंथात कुठून कुठवर आहे ती पानं येतात, ती प्रतीतूनच घ्यायची. एमएलएत मजकुरात नुसतं (फुले १४५) आणि सूचीत लेखकाचं पूर्ण नाव :

फुले, जोतीराव. “गुलामगिरी.” महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. य. दि. फडके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९९१, पृ. …

त्याच फाइलमध्ये ‘असूड’चाही संदर्भ असेल, तर एमएलएत नुसतं ‘फुले’ पुरत नाही, कंसात लिखाणाचं आखूड नावही घ्यावं लागतं. नाव ‘जोतीराव’, ‘ज्योतिराव’ की ‘जोतिबा’, तेही एकदाच ठरवा. पुस्तकाच्या नावाच्या पानावर जसं छापलंय तसं घेतलं की वाद राहत नाही.

मराठी पुस्तकांच्या काही खोडी

नावाच्या पानामागच्या बाजूला दोन नावं असतात, प्रकाशक आणि मुद्रक. नोंदीत प्रकाशक घ्यायचा. मुद्रकाचं नाव ठळक छापलेलं असतं म्हणून तेच उचललेल्या नोंदी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

‘पुनर्मुद्रण’ आणि ‘आवृत्ती’ एक नव्हेत. मजकूर न बदलता पुन्हा छापलं तर पुनर्मुद्रण, आणि साल घ्यायचं ते त्या आवृत्तीचं, शेवटच्या छपाईचं नव्हे. जुन्या पुस्तकांवर फक्त शके असतं. त्यात ७८ मिळवा. पुस्तक जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधी निघालेलं असेल तर ७९. महिना कळत नसेल तर दोन्ही सालं लिहा, म्हणजे शके १७९५ साठी १८७३-७४.

आडनाव आधी घेताना टोपणनाव उलटं करू नका. ‘कुसुमाग्रज’ तसेच ठेवायचे. पण त्याच सूचीत ‘शिरवाडकर, वि. वा.’ हेही असतील, तर ज्या पुस्तकावर जे नाव छापलं आहे तेच द्या आणि एका नावाशी दुसऱ्याचा उल्लेख जोडा. आद्याक्षरात पूर्ण अक्षर येतं, म्हणून ‘जो.’ लिहायचं, ‘ज.’ नव्हे. मराठी आणि इंग्रजी पुस्तकांच्या याद्या वेगळ्या ठेवा, कारण वर्णमालेचे दोन क्रम एकत्र लावता येत नाहीत. पुस्तकाचं नाव तिरपं करण्याचा नियम परदेशी पद्धतीत आहे, पण देवनागरी तिरपी केली की डोळ्याला खुपते आणि काही फाँटमध्ये अक्षरं तुटतात. मी मार्गदर्शकांना विचारून ठळक किंवा अवतरणचिन्हात घेतो. एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच.

जे सापडत नाही त्याचं काय

काही नोंदी सुटणारच. पुस्तकावर सालच नसेल तर ‘प्रकाशनवर्ष नाही’ असं लिहिता येतं, पद्धतीत त्याची सोय आहे. पण साल असूनही तुम्हाला माहीत नसेल, तर ते ‘नाही’ म्हणून लिहू नका. तिथे पिवळा रंग भरा आणि ‘[साल तपासणे]’ असं लिहा. अंदाजाने साल किंवा पान टाकण्याचा मोह होतो, विशेषतः वेळ संपत आलेली असताना. त्यापेक्षा पिवळी खूण बरी, कारण ती परीक्षकाच्या आधी पाठवणाऱ्याच्या नजरेला पडते.

फाइल परत देण्याआधी उलटा मेळ घाला : मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत आहे का, आणि सूचीतलं प्रत्येक पुस्तक मजकुरात कुठे आलं आहे का. सूचीत असून मजकुरात नसलेलं पुस्तक विचारून काढा. सोबत पिवळ्या खुणांची यादी द्या : पान क्रमांक, काय हवं आहे आणि ते कुठे मिळेल. ‘पृ. ३२, आवृत्ती कळत नाही, तुमच्या प्रतीच्या नावाच्या पानाचा फोटो पाठवा’ इतकं नेमकं लिहिलंत तर तो फोटो त्याच संध्याकाळी येतो.