दहा फुटी हॉलसाठी गालिचा: फर्निचर आणि मोकळी फरशी मोजून माप कसे ठरवावे

आमच्या घरी आणलेला पहिला गालिचा चार बाय सहा फुटांचा होता. दुकानात उभा टांगलेला असताना तो ऐसपैस वाटला, पण घरी अंथरल्यावर टीपॉयच्या चार पायांखाली घातलेल्या पायपुसण्यासारखा दिसू लागला, आणि ज्या सोफ्यासाठी तो घेतला होता त्याला त्याची कडही लागली नाही. चूक दुकानाची नव्हती. आम्ही खोलीची लांबी-रुंदी सांगून गालिचा मागितला होता. गालिच्याचे माप खोलीवरून कमी आणि फर्निचर कुठे आहे व माणसे कुठून ये-जा करतात यावरून अधिक ठरते, हे तेव्हा लक्षात आले. पुढील उदाहरण शहरी सदनिकांमधील नेहमीच्या दहा बाय सोळा फुटांच्या हॉलचे आहे: लांब भिंतीला तीन जणांचा सोफा, समोरच्या भिंतीला टीव्ही युनिट, मध्ये टीपॉय, एका टोकाला मुख्य दार आणि दुसऱ्या टोकाला बाल्कनी.

आधी आडवे माप घ्या

सगळी मापे इंचांत आणि जमिनीलगत घ्यावीत. फरशा मोजून अंदाज बांधण्याचा मोह टाळावा, कारण आपण जिला ‘दोन फुटी’ म्हणतो ती टाइल बहुधा ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी असते आणि पाच टाइल्समध्ये हा फरक जवळजवळ दोन इंचांवर जातो. मेजपट्टी सोफ्यामागच्या भिंतीला टेकवून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ ताणावी आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक कडेचा आकडा लिहावा. आमच्या हॉलमध्ये ही ओळ अशी आली: सोफ्याची पुढची कड ३६ इंचांवर, टीपॉय ५२ ते ७२ इंचांवर, टीव्ही युनिटची पुढची बाजू १०४ इंचांवर आणि भिंत १२० इंचांवर. म्हणजे सोफा आणि टीपॉय यांत १६ इंच, तर टीपॉय आणि टीव्ही युनिट यांत ३२ इंच जागा होती. यांतली दुसरी जागा घरातली खरी वाट आहे. दारातून स्वयंपाकघराकडे जाणारा प्रत्येक जण तिथूनच जातो.

गालिचा सोफ्याखाली किती सरकवायचा ते ठरवा

सोफ्याचे निदान पुढचे दोन पाय गालिच्यावर यावेत. त्याने गालिचा सरकत नाही आणि बैठक एकसंध दिसते. मात्र पुढचे पाय सोफ्याच्या कडेपासून काही इंच आत असतात, म्हणून वाकून तेही मोजावे. आमचे पाय तीन इंच आत होते, तेव्हा सहा इंच सरकवूनही भागले असते; आम्ही बारा इंच धरले, म्हणजे गालिचा भिंतीपासून २४ इंचांवर सुरू झाला. सोफ्याला पाय नसून तो जमिनीपर्यंत पेटीसारखा बंद असेल, किंवा रात्री ओढून त्याचा पलंग होत असेल, तर गालिचा खाली सरकवू नये. तो सोफ्याच्या कडेपासून एक-दोन इंच पुढेच सुरू करावा आणि पुढचा हिशेब तिथून मांडावा.

आता रुंदी

बाजारात सहज मिळणाऱ्या रुंदी या ओळीवर एकेक करून ठेवून पाहाव्यात. चार फूट, म्हणजे ४८ इंच घेतले तर गालिचा ७२ इंचांवर संपतो, बरोबर टीपॉयच्या कडेशी. टीपॉयचे पाय काठावर येतात आणि तो डुगडुगतो. पाच फूट घेतले तर गालिचा ८४ इंचांवर संपतो: टीपॉयच्या पुढे बारा इंच गालिचा आणि त्यानंतर टीव्ही युनिटपर्यंत वीस इंच मोकळी फरशी राहते, जिच्यावरून माणूस गालिच्याच्या काठाला न अडखळता चालू शकतो. सहा फूट घेतले तर गालिचा ९६ इंचांवर जातो आणि फक्त आठ इंचांची पट्टी उरते.

सहा फुटी गालिचा चुकीचा नाही. मोठ्या गालिच्यामुळे खोली मोठी भासते हेही खरे. पण मग सगळी वर्दळ गालिच्यावरून होते, तेवढाच पट्टा लवकर दबतो आणि मळतो, शिवाय आठ इंचांच्या पट्टीतून ओले फडके फिरवताना गालिच्याची कड रोज भिजते. म्हणून आम्ही पाच फूट पक्के केले. काठ वाटेच्या नेमक्या मधोमध येणे मात्र कोणत्याही मापात टाळावे, कारण एक पाय फरशीवर आणि एक गालिच्यावर पडला की वृद्ध माणसे तिथेच अडखळतात.

लांबी सोफ्यावरून आणि दारावरून

आमचा सोफा ८४ इंच लांब आहे. गालिचा त्याच्या दोन्ही टोकांना सहा-सहा इंच बाहेर यावा म्हणजे ९६ इंच, अर्थात आठ फूट लांबी हवी. सात फुटी गालिचा सोफ्याच्या टोकाशीच संपतो आणि कापून बसवल्यासारखा दिसतो. बाल्कनीच्या बाजूला सोफ्याशी काटकोनात ठेवलेल्या सिंगल खुर्चीचे पुढचे पायही या वाढीव सहा इंचांवर आले.

दुसऱ्या टोकाला दार आहे. दार पूर्ण उघडून ते जमिनीवर जो अर्धगोल आखते तो मोजावा. आमचे दार भिंतीपासून ४० इंच आत येते, आणि गालिचा ५४ इंचांवर सुरू होतो, म्हणून अडचण आली नाही. जागा कमी पडत असेल तर दाराखालची फटही मोजावी. बारा मिलिमीटर जाडीचा गालिचा आणि त्याखालची न सरकणारी जाळी दहा मिलिमीटरच्या फटीतून जाणार नाही.

खरेदीपूर्वी आखून पाहा

ठरलेले माप मास्किंग टेपने फरशीवर आखावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. घाई असेल तर सिंगल बेडची चादर अंथरावी. ती बहुधा ६० बाय ९० इंचांची, म्हणजे पाच बाय साडेसात फुटांची असते आणि अंदाजाला पुरते. ती टाइल्सवर घसरते, म्हणून पाहून झाल्यावर लगेच उचलावी. टेपवर सगळ्यांचे पाय कुठे पडतात आणि टीव्ही युनिटचे खण उघडताना माणूस कुठे बसतो, हे पाहण्यासारखे असते. आमच्या बाबतीत टेपची एकच बाजू दोन दिवसांत उखडली, ती स्वयंपाकघराच्या वळणावरची. तेवढ्यासाठी आम्ही गालिचा तीन इंच बाल्कनीकडे सरकवला.

दुकानात लिहिलेल्या मापावर थांबू नये. हाताने विणलेल्या गालिच्यांमध्ये दोन-तीन इंचांचा फरक असू शकतो, आणि झालर लांबीत धरली आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. सेंटीमीटरमध्ये विकला जाणारा १६० बाय २३० चा गालिचा ‘पाच बाय आठ’ म्हणून दाखवला जातो, पण त्याची लांबी साडेनव्वद इंचच भरते. आमच्या सोफ्याबाहेर तो प्रत्येक टोकाला जेमतेम तीन इंच आला असता आणि खुर्चीचे पाय फरशीवरच राहिले असते.