लॉकऐवजी पडताळणी: ऑप्टिमिस्टिक पद्धत चालू करण्याआधीची तयारी

सर्वांत आधी टकरींचा, म्हणजे एकाने वाचलेले रेकॉर्ड मध्येच दुसऱ्याने बदलण्याचा, अंदाज हातात घ्यावा, कारण पुढची सगळी तयारी त्यावर उभी राहते. डेटाबेसमध्ये लॉकच्या पद्धतीत ट्रान्झॅक्शन, म्हणजे पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही असे एक काम, रेकॉर्डला हात लावण्याआधीच परवानगी घेते आणि गरज पडल्यास थांबते. ऑप्टिमिस्टिक पद्धतीत ते न थांबता वाचते, बदल स्वतःच्या खासगी प्रतीत करते आणि शेवटी विचारते: मी वाचलेले अजून तसेच आहे का? उत्तर ‘नाही’ आले की केलेले सगळे काम टाकून पुन्हा सुरुवात. म्हणजे फायदा की तोटा, हे ‘नाही’ किती वेळा येणार त्यावर ठरते.

हा अंदाज कागदावर काढता येतो. समजा 1,00,000 रेकॉर्डांवर सगळीकडे सारखाच भार आहे, एक ट्रान्झॅक्शन 10 रेकॉर्ड वाचते आणि ते चालू असताना इतरांचे मिळून 40 रेकॉर्ड लिहिले जातात. टकरीचे प्रमाण साधारण 10 × 40 ÷ 1,00,000, म्हणजे 0.4 टक्के. एवढ्यासाठी प्रत्येक वाचनावर लॉक घेणे महागच पडेल. पण हाच भार प्रत्यक्षात 1,000 रेकॉर्डांवर एकवटला असेल, तर एकाच ट्रान्झॅक्शनवर अनेक टकरी येऊ लागतात, साधा गुणाकार पुरत नाही; त्या एकदाच धरल्या तर प्रमाण 33 टक्क्यांच्या आसपास जाते आणि प्रत्येक कामाला सरासरी दीड प्रयत्न लागतात. 100 रेकॉर्डांवर एकवटला तर 98 टक्के प्रयत्न फुकट जातात. म्हणून टेबलात एकूण रेकॉर्ड किती आहेत, हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. गर्दी किती रेकॉर्डांवर होते ते लॉगमधून काढावे. आणखी एक गोष्ट इथेच पाहून ठेवावी: ट्रान्झॅक्शनची लांबी दुप्पट झाली, तर ते वाचते तेही दुप्पट आणि त्या काळात इतर लिहितात तेही दुप्पट, म्हणून टकरी साधारण चौपट होतात. जी कामे तोडून छोटी करता येतील ती आधी तोडावीत.

यानंतर वाचन-टप्प्याची तयारी. या टप्प्यात ट्रान्झॅक्शनने जे जे वाचले त्याची यादी, म्हणजे वाचन-संच, व्हर्जन क्रमांकासह जपावी लागते. जे लिहायचे आहे त्याचा लेखन-संच वेगळा. व्हर्जनसाठी पूर्णांक वापरावा आणि तो प्रत्येक बदलाला एकाने वाढवावा. वेळेचा शिक्का व्हर्जन म्हणून वापरू नये, कारण घड्याळाच्या एकाच टिकटिकीत दोन बदल बसू शकतात. मूल्यांची तुलनाही पुरत नाही: शिल्लक 60 ची 50 झाली आणि परत 60 झाली, तर मधले दोन बदल दिसतच नाहीत. वाचन-टप्प्यात ईमेल पाठवणे, पैसे वळते करणे, फाइल पुसणे असले काहीही नसावे. हे काम अजून पक्के झालेले नाही. शिवाय या टप्प्यात दिसणारे चित्र विसंगतही असू शकते: एक रेकॉर्ड दुसऱ्याच्या बदलाआधीचे, दुसरे त्या बदलानंतरचे. असे ट्रान्झॅक्शन पडताळणीत पडणारच असते, पण तिथे पोचण्याआधी ते शून्याने भागाकार करू शकते किंवा कधीच न संपणाऱ्या लूपमध्ये अडकू शकते. लूपला मर्यादा घाला आणि वाचन-टप्प्यातली चूक दिसली की ती खरी मानण्याआधी पडताळणी करून पाहा.

आता मुख्य काम, पडताळणी. बहुतेक अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती एवढीच असते:

```sql
UPDATE account SET balance = -40, version = 8
WHERE id = 41 AND version = 7;
```

एक ओळ बदलली तर जिंकलो, शून्य ओळी बदलल्या तर हरलो. एकाच रेकॉर्डचे वाचन आणि त्याचेच लेखन असेल तर हे पूर्ण बरोबर आहे. पण इथे पडताळले जाते ते फक्त लिहिलेले रेकॉर्ड. निव्वळ वाचलेल्या रेकॉर्डांबद्दल कुणी विचारतच नाही आणि सर्वांत महागडी चूक नेमकी इथेच घुसते.

खाते 41 आणि खाते 42, दोन्हींत 60. नियम असा की एखादे खाते उणे गेले तरी चालेल, पण दोन्हींची बेरीज शून्याखाली जाता कामा नये. पहिले ट्रान्झॅक्शन दोन्ही वाचते, बेरीज 120 पाहते आणि 41 मधून 100 काढायचे ठरवते. त्याच वेळी दुसरे तीच बेरीज पाहून 42 मधून 100 काढायचे ठरवते. दोघांनी लिहिलेली रेकॉर्ड वेगळी, दोघांचे व्हर्जन जुळतात, दोघेही यशस्वी. शेवटी 41 मध्ये उणे 40, 42 मध्ये उणे 40, बेरीज उणे 80. कुठेही एरर नाही. लॉगही स्वच्छ दिसतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने सापडत नाही.

कुंग आणि रॉबिन्सन यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा पडताळणीचा नियम वाचन-संचावरच बांधला होता. आधी पक्क्या झालेल्या ट्रान्झॅक्शनने माझे वाचन सुरू होण्यापूर्वीच लेखन संपवले असेल तर प्रश्न नाही. माझे वाचन चालू असताना त्याचे लेखन झाले असेल, तर त्याचा लेखन-संच आणि माझा वाचन-संच यांत एकही सामाईक रेकॉर्ड नको. आणि दोघांचे लेखन एकाच वेळी चालणार असेल, तर त्याचा लेखन-संच माझ्या लेखन-संचालाही स्पर्श करता कामा नये. वरच्या उदाहरणात दुसरा नियम थेट मोडतो: पहिल्याने 41 लिहिले, दुसऱ्याने 41 वाचले होते.

तपासणी आणि लेखन यांच्यामध्ये तिसरा कुणी घुसू नये, म्हणून तेवढ्यापुरते लॉक घ्यावेच लागते. ऑप्टिमिस्टिक म्हणजे अजिबात लॉक नाही, असा समज असेल तर तो इथे सोडावा. लॉक असतो, पण विचार आणि हिशेब संपल्यानंतरच्या क्षणभरासाठी. आपल्या दोन खात्यांचा शेवटचा टप्पा असा:

```sql
BEGIN;
SELECT id, version FROM account
WHERE id IN (41, 42) ORDER BY id FOR UPDATE;
-- दोन्ही व्हर्जन वाचन-संचाशी जुळले तरच पुढे, नाहीतर ROLLBACK
UPDATE account SET balance = -40, version = version + 1
WHERE id = 41;
COMMIT;
```

`ORDER BY id` सजावटीसाठी नाही. सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घेतले तरच दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांची वाट पाहत अडकत नाहीत. आता दुसरे ट्रान्झॅक्शन 41 वर थांबेल, पहिले संपल्यावर त्याला 41 चे बदललेले व्हर्जन दिसेल आणि ते मागे फिरेल. हा तुकडा `READ COMMITTED` धरून लिहिला आहे. पोस्टग्रेसमध्ये `REPEATABLE READ` असेल आणि स्नॅपशॉट घेतल्यानंतर कुणी ती ओळ बदलली, तर नवे व्हर्जन दिसण्याऐवजी `40001` हा एरर कोड येतो. तोही टक्कर म्हणूनच हाताळावा.

एक भोक यानेही बुजत नाही. ‘10 ते 11 या वेळेत नोंद आहे का?’ या प्रश्नाला शून्य ओळी आल्या, तर व्हर्जन तपासायला रेकॉर्डच नाही. दुसऱ्याने मध्येच नवी ओळ घातली तरी कळणार नाही. यावर साधा उपाय म्हणजे त्या दिवसाचे किंवा त्या गटाचे एक पालक-रेकॉर्ड ठेवणे आणि नवी ओळ घालणाऱ्या प्रत्येकाने त्याचे व्हर्जन वाढवणे. 2013 मध्ये आलेल्या सिलो या इन-मेमरी डेटाबेसमध्ये हीच कल्पना इंडेक्सच्या नोडवर वापरली आहे: शोधताना पाहिलेल्या नोडचे व्हर्जन पडताळणीत पुन्हा तपासले जाते.

लेखन-टप्प्यासाठी एवढे पाहावे की व्हर्जन न वाढवता लिहिणारी एकही वाट उरलेली नाही. रात्रीचे बॅच काम, हाताने चालवलेली दुरुस्तीची क्वेरी, जुनी सेवा: यातले एक जरी व्हर्जनला हात न लावता लिहीत असेल, तरी बाकी सगळ्यांची पडताळणी खोटी ठरते. व्हर्जन वाढवण्याचे काम ट्रिगरवर सोपवले तर ही काळजी बरीच कमी होते, मात्र मग अ‍ॅप्लिकेशनने वेगळे वाढवू नये.

पुन्हा प्रयत्नाची तयारी आधीच लिहून ठेवावी, नंतर जोडू नये. हरलेल्या ट्रान्झॅक्शनने वाचनापासून सुरुवात करायची. नेहमी दिसणारी चूक अशी: कोड नवा व्हर्जन क्रमांक वाचतो, पण जुन्याच शिलकीवर केलेला हिशेब लिहितो. पडताळणी पास होते आणि मधल्या माणसाचा बदल पुसला जातो. दोन प्रयत्नांमध्ये थोडा, यादृच्छिक आणि वाढत जाणारा वेळ सोडावा, नाहीतर हरलेले सगळे एकाच क्षणी पुन्हा एकमेकांवर आदळतात. प्रयत्नांना हद्द ठेवावी, समजा 5. मोठे ट्रान्झॅक्शन छोट्यांसमोर सतत हरू शकते, म्हणून हद्द ओलांडल्यावर त्याने आधी लॉक घेऊन मगच वाचावे. मूळ मांडणीतही उपासमारीवर असाच कडक उपाय होता: हरणाऱ्याने पडताळणीचा सेमाफोर, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक, न सोडता पुन्हा धावायचे, म्हणजे तेवढा वेळ बाकी सगळ्यांचे लेखन थांबते.

मग लॉकपेक्षा हे सरस कुठे? पहिली जागा म्हणजे मध्ये माणूस असतो ती. फॉर्म उघडून कुणी 10 मिनिटे विचार करत असेल, तर तेवढा वेळ लॉक धरणे परवडत नाही. दुसरी जागा कमी चर्चिली जाते: इन-मेमरी डेटाबेस, पुष्कळ कोअर आणि मुख्यतः वाचन. शेअर्ड लॉक घेणारा वाचकही लॉकच्या मेमरीत आपली नोंद लिहितो, त्यामुळे ती कॅश लाइन, म्हणजे कोअरच्या जवळच्या मेमरीतला तो तुकडा, एका कोअरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. टक्कर एकही नसते, तरी लोकप्रिय रेकॉर्डचे वाचन मंदावते. सिलोसारख्या पद्धतीत वाचक सामाईक मेमरीत काहीच लिहीत नाही: व्हर्जन पाहतो, मजकूर घेतो, व्हर्जन पुन्हा पाहतो. मला या पद्धतीचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच वाटतो.

जिथे सगळे एकाच रेकॉर्डवर लिहितात, उदाहरणार्थ एकच काउंटर, तिथे मात्र लॉकच घ्यावा. 20 कामे एकाच वेळी आली आणि प्रत्येक फेरीत एकच जिंकले, तर 20 कामांसाठी 20 + 19 + 18 … असे 210 प्रयत्न होतात. लॉकच्या रांगेत तीच 20 कामे 20 प्रयत्नांत संपतात. पुन्हा करायला महाग असलेल्या कामांनाही हेच लागू.

चालू केल्यावर तीन आकडे टेबलनिहाय नोंदवत राहावेत: सुरू झालेली ट्रान्झॅक्शन, पक्की झालेली आणि पडताळणीत पडलेली. कोणत्या रेकॉर्डमुळे पडली त्याचा आयडीही ठेवावा. वर्कर वाढवले, सीपीयूचा वापर चढला, पण पक्क्या होणाऱ्या ट्रान्झॅक्शनचा वेग तसाच राहिला किंवा घसरला, तर यंत्र टाकून द्यायच्या कामातच गुंतले आहे. अशा वेळी आयडींची यादी उघडावी. ती बहुधा मोजक्याच रेकॉर्डांची असते. तेवढ्यांनाच लॉकच्या वाटेवर न्यावे, तिथेही व्हर्जन वाढवत राहावे आणि बाकीचे टेबल आहे तसे पडताळणीवर चालू द्यावे.