दहा जण, वेगवेगळ्या शिफ्ट: सगळ्यांना जमणारी मीटिंगची वेळ कशी काढायची

ग्रुपवर "कुणाला कधी जमतंय सांगा रे" असं कधीच टाकू नका. दहा जणांची दहा उत्तरं येतात, पहिल्यानं सांगितलेली वेळ दहावा बोलेपर्यंत भरून गेलेली असते. कॅलेंडर पण नंतर उघडा. आधी फक्त ड्युटीच्या वेळा कागदावर मांडा.

आमचंच उदाहरण घ्या. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंग आणि मशिनिंगचं काम, आणि दर आठवड्याला रिजेक्शनवर अर्ध्या तासाची मीटिंग ठरवायची होती. ऑफिसचे चौघं साडेनऊ ते सहा, फर्स्ट शिफ्टचे दोन सुपरवायझर सात ते साडेतीन, सेकंड शिफ्टचा एक साडेतीन ते बारा, डिझाइनवाल्या ताई दहा ते दोन, जर्मनीचा कस्टमर सांभाळणारा एकजण साडेबारा ते नऊ, आणि एक पुण्यातला मार्केटिंगवाला, त्याची ड्युटी ऑफिससारखीच पण कायम फिरतीवर.

आता प्रत्येकाची एक आडवी रेघ मारा, सगळ्या एकाखाली एक. सगळ्यात उशिरा कोण येतं आणि सगळ्यात लवकर कोण जातं एवढंच बघायचं. आमच्यात ताई दोनला जातात आणि सेकंड शिफ्ट साडेतीनला येते, म्हणजे दहाही जण ड्युटीवर आहेत अशी वेळच नाही! हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं तर बरं, नाहीतर आठवडाभर कॅलेंडर चाळत बसता.

अशा वेळी सगळे म्हणतात साडेतीनला घेऊया, दोन्ही शिफ्ट असतात. नको. तेव्हा चार्ज द्यायचा-घ्यायचा असतो, भट्टी कुठवर आली, कुठल्या मशीनला काय प्रॉब्लेम आहे ते समोरासमोर सांगायचं असतं, आणि ताई तर तोवर घरी गेलेल्या असतात. त्यापेक्षा एकाला ड्युटीबाहेर फोनवर घ्या, पण त्याला सगळ्यात आधी विचारा, वेळ ठरल्यावर नाही. आम्ही सेकंड शिफ्टच्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, "दुपारी चालतंय की, सकाळी दहाला नको, रात्री झोपायला एक वाजतो." शिफ्ट दर आठवड्याला बदलते त्यामुळं घरून फोनवर येणारा माणूस पण आलटून पालटून बदलतो, आणि तेवढा अर्धा तास कामात धरायचं साहेबांकडून आधीच ठरवून घेतलं.

दादांना बाजूला ठेवल्यावर उरले साडेबारा ते दोन. एक ते दीड जेवण. सोमवारी आमची सुट्टी, शनिवार-रविवार जर्मनीवाल्याची, म्हणजे चार दिवस गुणिले दोन, आठ स्लॉट. पण इथं एक गोची आहे. जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागं घेतात, ते मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तसंच राहतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड, आणि त्या माणसाची ड्युटी पण तेवढीच सरकते. साडेबाराची वेळ धरली असती तर दिवाळीच्या सुमारास सगळं परत ठरवायला लागलं असतं. त्यामुळं दीड ते दोनच, चार स्लॉट.

आता कुठं कॅलेंडर उघडायचं. गूगल कॅलेंडरमध्ये दहा जणांना अ‍ॅड करून Find a time बघा, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण दिवसभराची एंट्री आपोआप Free धरली जाते, म्हणजे एखाद्यानं रजा तशी टाकली असेल तर तो मोकळाच दिसतो. आणि शॉपवरची माणसं कॅलेंडर वापरतच नाहीत. म्हणून त्या चारच स्लॉटबद्दल शीटमध्ये आकडे भरून घ्या: ० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे ओढूनताणून, २ म्हणजे आरामात. नावं खाली, स्लॉट आडवे, आणि प्रत्येक स्लॉटखाली हे तीन:

```
=COUNTIF(B2:B11,0)
=COUNTBLANK(B2:B11)
=SUM(B2:B11)
```

मधलं सोडू नका. ज्यानं काहीच भरलं नाही त्याचा रिकामा चौकोन पहिल्या फॉर्म्युल्यात शून्य म्हणून मोजला जात नाही, मग त्याला जमतंय असंच वाटतं. रिकामे दिसले की सरळ फोन करा.

आमच्याकडं मंगळवारी पुणेवाला कस्टमरकडं, शुक्रवारी क्वालिटीवाल्याचा ठरलेला कॉल. बुधवारची बेरीज १७ आली, गुरुवारची १५, तरी गुरुवार घेतला, कारण बुधवारी दादांचं शून्य होतं, त्या दिवशी ते आईला दवाखान्यात नेतात, आणि रात्रीचं रिजेक्शन कशामुळं झालं हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? आधी ज्यांच्याशिवाय चालणार नाही त्यांची शून्यं काढा, मग बेरीज बघा.

वेळ ठरल्या ठरल्या दर गुरुवारचं इन्व्हाइट टाका, दीड ते एक पंचावन्न. ताईंना दोनला निघायचं असतं, ती पाच मिनिटं त्यांची.