खोकं उचलून बाजूला ठेवताना कंबर कशी सांभाळावी, आणि गादी मागच्या कोपऱ्यातच का फाटते

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग आधी डोक्यातून काढून टाका. दोन मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या हाडाला इतकी घट्ट चिकटलेली असते की तिला जागेवरून सरकताच येत नाही. गादीच्या बाहेर तंतूंचं एक जाड कडं असतं आणि आत मऊ, पाणीदार गाभा असतो. कडं फाटतं आणि गाभा त्या फटीतून बाहेर डोकावतो, एवढंच घडतं. पण कडं वाटेल तिथे फाटत नाही. बहुतेक वेळा ते मागच्या बाजूला, मध्यरेषेपासून जरा डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे मागच्या कोपऱ्यात फाटतं. आणि कंबरेच्या पाच गाद्यांपैकी दहातल्या नऊ वेळा ती सगळ्यांत खालच्या दोनांपैकी एक असते.

हे का होतं ते कळलं की वजन उचलताना नक्की काय सांभाळायचं तेही कळतं. आपण एकच काम घेऊ: जमिनीवरचं २० किलोचं खोकं उचलून डावीकडच्या बाकावर ठेवायचं.

१. खोक्याच्या जवळ जा

‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ हा सल्ला मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता राग येतो. तो अर्धवट आहे. खोकं रुंद असेल आणि तुम्ही त्याच्या मागे उकिडवे बसलात, तर गुडघे मध्ये येतात आणि खोकं अंगापासून लांब जातं. मग गुडघे वाकवूनही फायदा होत नाही, कधी कधी तोटाच होतो.

हिशेब साधा आहे. कंबरेमागचे स्नायू गादीच्या मध्यापासून जेमतेम ५ ते ६ सेंटीमीटरवर ओढतात. हे अंतर ६ धरलं आणि खोकं ४५ सेंटीमीटर पुढे असेल, तर ते तोलायला स्नायूंना त्याच्या साडेसातपट, म्हणजे १५० किलोच्या जोराने ओढावं लागतं. त्यात ७० किलोच्या माणसाचं कंबरेवरचं शरीर साधारण ४० किलोचं. बरंच वाकल्यावर तेही २० सेंटीमीटर पुढे जातं, त्याला आणखी १३० किलो लागतात. स्नायूंची ही सगळी ओढ गादीवर दाब म्हणून येते, त्यात शरीराच्या आणि खोक्याच्या थेट भाराचा, वाकलेल्या पाठीत गादीवर सरळ येणारा सुमारे निम्मा भाग मिळवला की आकडा ३१० किलोच्या आसपास जातो. आता तेच खोकं २५ सेंटीमीटरवर आणा आणि थोडंच वाका: २१५ किलो. खोकं तेच, माणूस तोच, सुमारे एक तृतीयांश दाब कमी.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९९ साली जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीत दाबमापक बसवून मोजमापं घेतली. नुसतं उभं राहिल्यावर दाब ०.५ मेगापास्कल होता. पाठ गोल करून २० किलो उचलताना तो २.३ झाला, गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि तेच वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. माणूस एकच होता, त्यामुळे हे आकडे प्रत्येकाला जसेच्या तसे लागू करू नका. पण क्रम लक्षात ठेवा.

म्हणून एक पाय खोक्याच्या बाजूला, दुसरा थोडा मागे, आणि खोकं आधी स्वतःकडे ओढून घ्या.

२. खुब्यातून वाका

वाकताना कंबरेत किती वाकताय हे आरशात नीट दिसत नाही, बोटांना कळतं. एका हाताची दोन बोटं कंबरेच्या मणक्यांच्या, मागे हाताला लागणाऱ्या, खालच्या दोन टेंगळांवर ठेवा आणि जमिनीकडे बघत पाठ गोल करत वाका. टेंगळं एकमेकांपासून दूर जाताना जाणवतील. आता पुन्हा उभे राहा, आणि पार्श्वभाग मागे ढकलत, मागचं दार त्याने बंद करायचंय अशा रीतीने वाका. या वेळी बोटांखाली फारशी हालचाल जाणवणार नाही. तेच हवं. थोडी गोलाई येतेच, तिची धास्ती घेऊ नका. शेवटच्या टोकापर्यंत जाऊ नका, एवढं पुरे.

३. उचला

श्वास घेऊन पोट घट्ट करा, धक्का न देता उभे राहा, खोकं पोटाला टेकलेलं ठेवा.

४. वळा आणि ठेवा

खरी गोची इथे आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना उचलायला शिकवणं हे माझं रोजचं काम. तरीही बरीच वर्षं माझं सगळं शिकवणं उचलण्यावर संपायचं. ठेवणं म्हणजे उचलण्याच्या उलट, असं मी धरून चाललो होतो. मग एकदा स्वतःच्या घरी पुस्तकांची खोकी हलवत होतो. उचलणं अगदी नियमाप्रमाणे. पण बाक डाव्या हाताला होता, बुटका होता आणि जवळच होता. पाय न हलवता मी कंबरेतून डावीकडे वळायचो आणि तसाच वाकून खोकं ठेवायचो. दहा-बारा खोकी झाली, काहीच दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या पार्श्वभागात कळ आली, आठवड्याभरात ती पोटरीतून पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत उतरली. उजव्या पायाच्या चवड्यावर मला उभं राहता येईना. वाकलो डावीकडे, दुखलं उजवीकडे. याचं उत्तर शोधताना मला हा विषय खरा समजला.

गादीवर सरळ वरून कितीही दाब दिला, तरी निरोगी गादी आधी फाटत नाही. वरखालच्या हाडाचा पातळ पत्रा आधी तडकतो. म्हणजे नुसतं वजन हा गुन्हेगार नाही. १९८२ साली मायकेल अॅडम्स आणि विल्यम हटन यांनी मृतदेहांतल्या गाद्या पुढे पुरत्या वाकवून वरून दाबल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गाद्यांमधून गाभा मागच्या बाजूला बाहेर आला. दाब हवाच, पण त्याच्या जोडीला वाकणं हवं.

आता दिशा बघा. पुढे वाकलं की गादीची पुढची बाजू दबते, मागची ताणली जाते आणि गाभा मागे ढकलला जातो. डावीकडे कललं की डावी बाजू दबते, उजवी ताणली जाते. दोन्ही एकदम केलं, तर सगळ्यांत जास्त ताण एकाच जागी जमा होतो: उजव्या मागच्या कोपऱ्यात. मी दहा-बारा वेळा नेमका तोच कोपरा ताणला होता.

त्यात पीळ आला की आणखी बिघडतं. कडं पंधरा ते पंचवीस थरांचं असतं, आणि प्रत्येक थरातले तंतू तिरके असतात, आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांत. एक थर उजवीकडे झुकलेला, पुढचा डावीकडे, असं आलटून पालटून. पीळ दिला की एका दिशेचे तंतू ताणले जातात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात. ऐन गरजेच्या वेळी अर्धी भिंत कामावर नसते.

पण मग मागे फाटायचंच तर अगदी मधोमध का नाही? कारण मणक्यांच्या मागून वरपासून खालपर्यंत एक लांब अस्थिबंध उतरतो. मध्यरेषेवर तो जाड आणि भक्कम असतो. गादीपाशी त्याच्या दोन्ही बाजूंना झालर पसरते, पण ती पातळ असते. मधली जागा शिवलेली आहे, कोपरा जवळजवळ उघडा. शिवाय मुळातच कड्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा पातळ, आणि कोपऱ्यातले बरेच थर पूर्ण वळसा न घालता अर्ध्यावरच संपतात. गादीचा आकारही राजम्यासारखा, त्यामुळे मागच्या कोपऱ्यात कड्याला तीव्र वळण घ्यावं लागतं. सगळ्या उणिवा एकाच जागी आहेत, आणि वाकून बाजूला ठेवण्याची क्रिया बरोबर तिथेच जोर लावते.

आणि कंबर पिळायला बनलेलीच नाही. तिथल्या दोन मणक्यांमध्ये पीळ जेमतेम एक ते तीन अंशांचा. मागचे छोटे सांधे एकमेकांत अडकून त्यापुढे जाऊ देत नाहीत. ‘कंबरेतून वळा’ हा व्यायामाचा सल्ला कुणी वजन हातात असताना दिला, तर ऐकू नका. वळणं हे खुब्याचं आणि पावलांचं काम आहे.

म्हणून मी आता पहिली गोष्ट ही करायला लावतो: बाक खोक्यापासून मुद्दाम दोन पावलं लांब ठेवा. जवळ असेल तर माणूस पाय हलवत नाही, कितीही शिकवा. लांब असेल तर चालावंच लागतं. आधी डावं पाऊल बाकाकडे वळवा, मग उजवं आणा. नाक, नाभी आणि खोकं सतत एका रेषेत राहिली पाहिजेत. नाभी मागे राहिली की पीळ पडला. बाकासमोर पूर्ण तोंड करून उभे राहा, खुब्यातून वाकून खोक्याची पुढची कड आधी टेकवा आणि उरलेलं आत ढकला. बाक गुडघ्याच्या खाली असेल तर त्याची उंची वाढवा, किंवा खोकं दोन भागांत न्या.

५. सकाळचा पहिला तास टाळा

रात्री आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात. उठल्या उठल्या त्या टणक असतात आणि तेवढंच वाकलं तरी कड्यावर दुपारपेक्षा बराच जास्त ताण येतो. सकाळी उंचीही एक-दोन सेंटीमीटर जास्त भरते ती यामुळेच. हे पाणी पहिल्या तासाभरात झपाट्याने ओसरतं. तोवर जड खोकी थांबू द्या. बराच वेळ पाठ गोल करून बसल्यानंतरही लगेच उचलू नका, दोन-चार मिनिटं चाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं पाळूनही गादी फाटू शकते, कारण गादीची झीज कशी होणार यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आणि काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, त्यामुळे नुसता रिपोर्ट वाचून हादरू नका. चित्र आणि पाय यांचा मेळ बसला पाहिजे. कोपऱ्यातून आलेला गाभा सहसा एक मजला खाली बाहेर पडणाऱ्या नसेला गाठतो. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी असेल तर पाचवी नस दबते आणि पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो. त्याखालची असेल तर माझ्यासारखं होतं: पावलाची बाहेरची कड बधिर, चवड्यावर उभं राहता येत नाही.

बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत, शस्त्रक्रियेविना, बरंच उतरतं. माझंही उतरलं. पण लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला, खोगीर टेकतं तेवढा भाग बधिर झाला, दोन्ही पायांतली ताकद जायला लागली किंवा पाऊल घसटायला लागलं, तर घरी एक रात्रही काढू नका, तडक रुग्णालय गाठा. अशा वेळी गाभा मधोमध मोठा बाहेर येऊन नसांचा सगळा जुडगाच दाबत असू शकतो, आणि तिथे काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होऊ शकतं.