मराठीची सख्खी बहीण कोण? भाषांचे उपगट कसे ओळखावेत

मराठीत तीन लिंगं आहेत, गुजरातीतही तीन, हिंदीत मात्र दोनच. मग मराठी आणि गुजराती सख्ख्या आणि हिंदी चुलत, असं म्हणावं का? घाई नको. भाषाकुळात उपगट पाडताना नुसतं साम्य पुरत नाही, ते साम्य कुठून आलं हे बघावं लागतं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट लेस्कीन याने 1876 मध्येच हा नियम मांडला होता: दोन भाषांनी मिळून केलेला बदल मोजायचा, दोघींनी मिळून जपलेलं जुनं मोजायचं नाही.

१. आधी जुनं रूप शोधा

कागदावर चार रकाने पाडा: मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी. बाजूला संस्कृत-प्राकृतातलं रूप लिहा. आता लिंगाचं बघू. संस्कृतात गृहम् नपुंसकलिंगी. मराठीत ‘ते घर’, कोंकणीत आणि गुजरातीतही घर नपुंसकलिंगीच, हिंदीत मात्र पुल्लिंगी. म्हणजे बदलली ती हिंदी. बाकी तिघी होत्या तिथेच राहिल्या.

आजीचं तांब्याचं घंगाळ दोन घरांत सापडलं, तर दोन्ही घरं त्या आजीची एवढंच ठरतं. ती दोन घरं एकमेकांना जास्त जवळची आहेत असं ठरत नाही. दूर जम्मूच्या डोंगरातल्या भद्रवाहीतही तीन लिंगं टिकली आहेत, म्हणून तिला कोणी मराठीची बहीण म्हणत नाही. हा मुद्दा यादीतून खोडा.

२. बदल सापडला तर तो किती सहज होऊ शकतो ते पाहा

मराठी हात, बंगाली हात. हिंदी आणि गुजरातीत हाथ. प्राकृतात हत्थ होतं, म्हणजे इथे मराठी-बंगालीने खरोखर बदल केला आहे. पण शब्दाच्या शेवटी महाप्राण, म्हणजे थ, ख यांच्यातला ‘ह’चा श्वास, गळणं ही जगभर कुठेही घडणारी गोष्ट, दोघींकडे ती वेगवेगळी घडू शकते. ते तपासायचं तर एका शब्दावर थांबू नका. आठ आणि साठ घ्या. बंगालीत तिथेही महाप्राण गेला आहे, आट आणि षाट. मराठीने हात, भूक, भीक यांत तो सोडला, पण आठ-साठमध्ये ठेवला. एकच बदल वारशाने आला असता तर दोन्हीकडे नियम सारखा चालायला हवा होता.

३. शेजाराचा परिणाम वेगळा काढा

‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च म्हणून पाहा. हा फरक मराठीत आहे, कोंकणीत आहे आणि तेलुगूतही आहे. तेलुगू तर वेगळ्या कुळातली. शेजारून पसरणारे असे उच्चार उपगटाचा पुरावा म्हणून कच्चे.

४. विचित्र, नेमका बदल शोधा

षष्ठीचा प्रत्यय घ्या. संस्कृतातला -स्य मागे पडल्यावर प्रत्येक भाषेने आपापली सोय केली: हिंदीत -का, गुजरातीत -नो, पंजाबीत -दा, बंगालीत -एर. मराठीत ‘घराचा’, कोंकणीत ‘घराचो’. इथे साधन नवं, आणि शक्यता अनेक असताना दोघींनी एकच निवडलं. योगायोगाने हे जमणं कठीण, म्हणून मराठी आणि कोंकणी एका उपगटात घालताना हा मुद्दा वजनदार ठरतो. (सख्खी बहीण म्हणजे बोली नव्हे. एवढ्यावरून कोंकणीला मराठीची बोली म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा वापरू नये.)

५. अडचणीचं उदाहरण: भूतकाळातला ल

मराठी गेला, कोंकणी गेलो, बंगाली गेलो. पण हिंदी गया, गुजराती गयो. भाषाशास्त्रज्ञ हर्न्ले यांच्या कल्पनेवरून ग्रिअर्सन यांनी मराठी, बंगाली अशा कडेच्या आर्यभाषांचा ‘बाहेरचा’ गट मांडला, तेव्हा या ल-वरही भिस्त ठेवली होती. बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी 1926 मध्ये तो गट नाकारला. मला त्यांची बाजू पटते. -इल्ल हा प्रत्यय प्राकृतात विशेषणांना सर्रास लागायचा, आणि गुजरातीतही ‘करेलुं’मध्ये तो जिवंत आहे. म्हणजे कच्चा माल सर्वांच्या घरात होता. त्यापासून पूर्ण भूतकाळ बनवणं हा बदल खरा, पण माल हाताशी असताना तो दोनदा होऊ शकतो. अशा खुणेला अर्धेच गुण द्या, आणि सोबत दुसऱ्या स्वतंत्र खुणा मागा.

६. आपल्याच पुराव्यावर उलटतपासणी करा

पंधराव्या शतकातल्या नरसिंह मेहतांच्या गुजराती पदांत ‘नरसैंयाचो स्वामी’ अशी नाममुद्रा येते. चौथ्या पायरीवरचा आपला -चा गुजरातीतही! मग तो फक्त मराठी-कोंकणीचा कसा? इथे पाहायचं ते हे, की रूप बोलण्याच्या व्याकरणात किती रुजलं आहे. गुजरातीत रोजचा प्रत्यय -नो आहे आणि -चो पदांच्या भाषेपुरता दिसतो. मराठीत आणि कोंकणीत मात्र तो रोजच्या वाक्यावाक्यात आहे. तरीही तुमच्या कागदावर ‘फक्त’ हा शब्द खोडून ‘मुख्यतः’ असं लिहा.